तीन सेकंदांचा निकाल, सहा आठवड्यांनी

मार्च उजाडला की सातारा-कोल्हापूरकडे मिरचीची खरेदी सुरू होते. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीच्या मध्ये. वर्षाचा कांदा-लसूण मसाला याच दिवसांत होतो, आणि घरगुती मसाले विकणाऱ्यांची फेसबुक-इन्स्टाग्रामवरची धावपळही याच दिवसांत. अशाच एका छोट्या उद्योगाचं उदाहरण घेऊ. उद्योग आणि त्याचे आकडे समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत, पण असे आकडे असा धंदा करणाऱ्या कुणाच्याही पडद्यावर दिसू शकतात.

या उद्योगाने तीस सेकंदांचा एक व्हिडिओ केला आणि त्याची सुरुवात दोन तऱ्हांनी घेतली. पहिल्या तऱ्हेत, तिला ‘अ’ म्हणू, लालभडक मिरचीवर डंक पडतो आहे. धाड-धाड आवाज, उडणारी पूड, बोलणं काहीच नाही. दुसरीत, म्हणजे ‘ब’मध्ये, एक बाई कढईतला रस्सा पळीने वर घेते, चाखते आणि तोंड वाकडं करून म्हणते, ‘रंग बघा कसा लालभडक, आणि चव? मिळमिळीत!’ यापुढचा सगळा व्हिडिओ दोन्हीकडे तोच: मसाला कसा होतो, काय घालतात, किंमत किती, मागवायचा कसा.

जाहिरातवाले या पहिल्या तीन सेकंदांना हुक म्हणतात. अंगठा मोबाइल वर सरकवत असतो, तो तेवढ्यात थांबला तर पुढचं बघितलं जाणार. म्हणून व्हिडिओ दाखवला गेला त्यातल्या किती वेळा तो निदान तीन सेकंद पाहिला गेला, याची टक्केवारी काढतात आणि तिला हुक रेट म्हणतात. आपल्या उदाहरणात दोनच दिवसांनी ‘अ’चा हुक रेट ३६ टक्के निघाला, ‘ब’चा २४. ऑफिसात लगेच ठरलं, डंकवाला व्हिडिओ जिंकला, दुसरा बंद करा.

हा निकाल घाईचा आहे. त्यात बऱ्याच गोष्टी तपासायच्या राहिल्या आहेत. त्यातली पहिली म्हणजे दोन्ही व्हिडिओंना सारखी संधी मिळाली का.

वाटणी कोणी केली?

हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरातकाराने १९२३ साली जाहिरातीच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्याच्या काळात जाहिरातीखाली कुपन छापत आणि प्रत्येक जाहिरातीच्या कुपनावर वेगळी खूण घालत. टपालाने परत आलेली कुपनं मोजली की कोणत्या मथळ्याने गिऱ्हाईक आणलं ते कळे. पुढे काही वर्तमानपत्रांनी एकाच दिवसाच्या अंकात एकाआड एक प्रतीत वेगळी जाहिरात छापायची सोय केली. एकाच गावात, एकाच सकाळी, शेजारच्या दोन घरांत दोन मथळे जात. वाचक निवडून दिलेले नसत, आपोआप मिसळलेले असत. ही चाचणी विश्वासाची होती ती या मिसळण्यामुळे.

आज हेच काम मोबाइलवर करताना पहिली ठेच इथेच लागते. बरेच जण दोन्ही व्हिडिओ एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकतात आणि समजतात की चाचणी सुरू झाली. पण तिथे पैसे कुणाला द्यायचे हे फेसबुकची यंत्रणा ठरवते. पहिल्या काही तासांत जो व्हिडिओ तिला बरा वाटला त्याच्याकडे ती बजेट वळवते. दुसऱ्याला शे-दोनशे रुपयांत गुंडाळलं जातं आणि मग त्याच्या नावावर ‘शून्य ऑर्डर’ असा शिक्का बसतो. ती हार नव्हे. त्याला खेळायलाच मिळालं नाही.

दुसरी चूक म्हणजे पहिला आठवडा ‘अ’, दुसरा आठवडा ‘ब’. मसाल्याच्या धंद्यात एखादा आठवडा पगाराचा असतो, एखादा पाडव्याचा, एखाद्या आठवड्यात शेजारच्या मोठ्या ब्रँडची सवलत चालू असते. मग हुकची तुलना न होता आठवड्यांची तुलना होते.

यासाठी मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ए/बी टेस्ट नावाची वेगळी सोय आहे. ती आधी माणसांचे दोन गट पाडते आणि एका गटाला फक्त ‘अ’, दुसऱ्याला फक्त ‘ब’ दाखवते. दोन्हींचं बजेट सारखं ठेवायचं, दोन्ही एकाच वेळी सुरू करायचे आणि पूर्ण आठवड्यांच्या हिशेबात चालवायचे, म्हणजे सोमवार आणि रविवार दोघांच्या वाट्याला सारखे येतात.

एवढं करूनही एक फट उरते. मायकेल ब्रॉन आणि एरिक श्वार्ट्झ या अमेरिकी संशोधकांनी ती नेमकी दाखवून दिली. गट सरभेसळ पाडले तरी त्या त्या गटातल्या कुणाला व्हिडिओ प्रत्यक्ष दाखवायचा हे यंत्रणाच ठरवते, आणि ते ती व्हिडिओगणिक वेगळं ठरवते. डंक बघायला कॉलेजची पोरं थांबतात असं तिच्या ध्यानात आलं तर ‘अ’ पोरांकडे जास्त जाईल. रश्श्याच्या तक्रारीवर पस्तिशीच्या पुढच्या बायका थांबतात असं दिसलं तर ‘ब’ त्यांच्याकडे. मग शेवटी तुलना होते ती ‘हुक आणि त्याला मिळालेला प्रेक्षक’ अशा दोन जोड्यांची. ‘या फेसबुकवर माझे पैसे कुठल्या व्हिडिओवर लावू’ या प्रश्नाला असं उत्तर चालतं. पण ‘लोकांना तक्रारीचा सूर जास्त पटतो’ असा नियम त्यातून काढून तो एसटी स्टँडवरच्या फलकावर वापरायला गेलं तर तो लागू पडेलच असं नाही. निदान वय आणि स्त्री-पुरुष यांची फोड उघडून बघावी. तिथे दोन्हींचे प्रेक्षक अगदी वेगळे दिसले तर ती गोष्ट निकालासोबत लिहून ठेवावी.

मोजायचं काय?

आता आपल्या उद्योगाने रीतसर चाचणी लावली असं समजू. रोज प्रत्येक व्हिडिओवर १,००० रुपये. पंधरा दिवसांनी प्रत्येकी १५,००० रुपये खर्च झाले आणि प्रत्येक व्हिडिओ सुमारे दीड लाख वेळा दाखवला गेला. हुक रेट दोन दिवसांनी होता तसाच राहिला: ‘अ’ ५४,००० वेळा तीन सेकंद पाहिला गेला, ‘ब’ ३६,००० वेळा. लिंकवर टिचकी मारणारे ‘अ’ला १,५००, ‘ब’ला १,३५०. आणि ऑर्डरी? ‘अ’ला ३०, ‘ब’ला ४५.

जसजसं खाली यावं तसतसं ‘अ’चं पारडं हलकं होत गेलं. डंकाचा आवाज आणि उडणारी लाल पूड बघायला कुणीही थांबतं, मसाला संपलेला असो वा नसो. रश्श्याची तक्रार ऐकून थांबणारे थोडे, पण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी तीच तक्रार असावी. हा अर्थातच अंदाज आहे. आकडे एवढंच सांगतात की थांबणं आणि विकत घेणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि एक व्हिडिओ पहिल्यात पुढे असून दुसऱ्यात मागे राहू शकतो.

हुक रेटचा मोह पडतो त्याला कारण आहे. तो लवकर मिळतो आणि त्याचा आकडा मोठा असतो. ५४ हजार विरुद्ध ३६ हजार यात नशिबाचा वाटा नगण्य, फरक खराच आहे. पण तो फरक आपल्याला नको असलेल्या प्रश्नाचा आहे. हवा असलेला प्रश्न ऑर्डरींचा, आणि ऑर्डरी मूठभर. कसोटी कोणती लावायची हे म्हणून चाचणी सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवावं. नंतर ठरवायला बसलं की ज्याला डंकाचा व्हिडिओ आवडलेला असतो त्याला हुक रेट महत्त्वाचा वाटतो आणि दुसऱ्याला ऑर्डरी.

ऑर्डर कुठल्या व्हिडिओची हेही आधी पक्कं करावं लागतं. मेटा साधारणपणे टिचकीनंतर सात दिवसांत आणि नुसतं पाहिल्यानंतर एका दिवसात आलेली ऑर्डर जाहिरातीच्या खात्यावर टाकतं. शिवाय आपल्याकडे अर्ध्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तिथे मेटाची नोंद पोचेलच असं नाही. उपाय हॉपकिन्सच्या कुपनाचाच. दोन्ही व्हिडिओंच्या लिंकला वेगळं शेपूट लावायचं:

```
?utm_content=hook_a
?utm_content=hook_b
```

व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये आधीच लिहून ठेवलेला निरोपही दोन तऱ्हांचा ठेवता येतो. एकीकडे ‘मसाला हवा आहे’, दुसरीकडे ‘मसाला मागवायचा आहे’. गिऱ्हाइकाला फरक जाणवत नाही, आपल्या वहीत मात्र दोन रकाने आपोआप पडतात.

४५ आणि ३० मध्ये नशीब किती?

‘ब’ला ‘अ’च्या दीडपट ऑर्डरी. आता तरी ‘ब’ जिंकला म्हणायला हरकत काय?

असं समजा की दोन्ही व्हिडिओ गुणाला अगदी सारखे आहेत. मग आलेल्या ७५ ऑर्डरींतली प्रत्येक ऑर्डर ‘अ’कडून यावी की ‘ब’कडून, हा निव्वळ छापा-काट्याचा मामला. नाणं ७५ वेळा उडवलं तर दर वेळी ३७-३८ अशी वाटणी होत नाही. ४५-३० किंवा त्याहून वाकडी वाटणी, कुठल्याही बाजूला, साधारण दहा खेपांत एकदा निव्वळ योगायोगाने होते. म्हणजे दोन अगदी सारख्या व्हिडिओंची अशी चाचणी दहा उद्योगांनी लावली तर त्यांतला एखादा ‘आमचा दीडपट चालला’ म्हणून पेढे वाटणारच.

ज्याला यावर विश्वास बसत नाही त्याने एकच व्हिडिओ दोन नावांनी चढवून चाचणी लावून बघावी. त्यात आकडे क्वचितच सारखे येतात, आणि किती वेगळे येतात ते पाहिलं की आपल्या धंद्यात नशिबाचा झोका केवढा असतो हे डोळ्यांनी दिसतं.

रोजच्या वापरासाठी एक सोपं गणित आहे. खर्च दोन्हीकडे सारखा असेल तर दोघांच्या ऑर्डरींची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. दोघांमधला फरक या दुपटीपेक्षा मोठा असेल तरच तो खरा मानायचा. आपल्या उदाहरणात बेरीज ७५, वर्गमूळ सुमारे ८.७, दुप्पट १७. फरक आहे १५. म्हणजे ‘ब’ पुढे दिसतो, पण निकाल लागलेला नाही. हे गणित निर्दोष नव्हे. ऑर्डरी अगदी थोड्या, दहा-वीस, असतील तर ते वापरूच नये. आणि सारख्या व्हिडिओंनाही ते विसातून एकदा चकवतंच. पण नुसत्या नजरेने ठरवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

रोज डोकावण्याची किंमत

विसातून एकदा चकणं हे एकदाच, ठरलेल्या दिवशी हिशेब केला तर. रोज सकाळी चहाबरोबर आकडे पाहायचे आणि ज्या दिवशी फरक दुपटीपलीकडे गेला त्या दिवशी चाचणी थांबवायची, असं केलं की चित्र बदलतं. सारख्याच गुणाच्या दोन व्हिडिओंचे आकडे वर-खाली होत राहतात. कुठल्या ना कुठल्या सकाळी ते रेषेपलीकडे जाण्याची संधी आपण त्यांना रोज नव्याने देत असतो. संख्याशास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडलेला आहे. सारख्या टप्प्यांवर दहा वेळा डोकावलं आणि पहिल्या ‘विजया’ला थांबलं, तर चकण्याची शक्यता पाच टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास जाते.

आकडे बघायला मनाई नाही. लिंक तुटली आहे का, एकाचं बजेट अडकलं आहे का, हे बघावंच लागतं. मनाई आहे ती आकडे बघून थांबण्याची तारीख बदलायला.

मग तारीख ठरवायची कशी? त्यासाठी आधी सांगावं लागतं की केवढा फरक सापडला तर तो आपल्या कामाचा. एक व्हिडिओ खरोखरच दीडपट चांगला असेल आणि तो पाचातल्या चार वेळा तरी आपल्या चाचणीत पकडला जावा असं वाटत असेल, तर दोन्ही मिळून सुमारे २०० ऑर्डरी लागतात. फरक वीस टक्क्यांचाच असेल तर हाच आकडा साडेनऊशेच्या घरात जातो. ऑर्डरमागे चारशे रुपये जाहिरातखर्च धरला तर पहिल्याला ८० हजार रुपये, दुसऱ्याला जवळपास पावणेचार लाख.

छोट्या उद्योगाने यातून काय घ्यायचं? त्याच बाईने ‘मिळमिळीत’ म्हणावं की ‘बेचव’, अशा बारीक बदलांची चाचणी त्याने लावू नये. तेवढा फरक असला तरी त्याला तो दिसणार नाही, आणि जो दिसेल तो बहुधा नशिबाचा असेल. त्याने दोन अगदी वेगळ्या कल्पना समोरासमोर ठेवाव्यात. जॉन केपल्स या दुसऱ्या अमेरिकी जाहिरातकाराने एका जाहिरातीने दुसरीच्या साडेएकोणीस पट विक्री केल्याचं नोंदवलं आहे. एवढी तफावत थोडक्या कुपनांतही लपत नाही. अशी उदाहरणं विरळा, पण ती सापडतात ती वेगळ्या कल्पनांत, शब्दांच्या फेरफारात नव्हे.

८० हजारांचा आकडा ऐकून दचकायचंही कारण नाही. हा उद्योग हंगामात दिवसाला दोन हजार रुपये जाहिरातीवर घालतोच. ते पैसे दोन व्हिडिओंत निम्मे-निम्मे वाटले की सहा आठवड्यांच्या नेहमीच्या खर्चातच चाचणी होऊन जाते.

हिशेबाचा दिवस

तर आपल्या उद्योगाने १५ मार्च ते २५ एप्रिल असे ४२ दिवस ठरवले, दोन्हींवर मिळून ८४,००० रुपये. कसोटी एकच: घरी पोचलेल्या आणि पैसे मिळालेल्या ऑर्डरी. कॅश ऑन डिलिव्हरीच्या धंद्यात हे कलम घालावंच लागतं, कारण दारात कुरिअरवाला उभा राहिल्यावर ‘नको आता’ म्हणणारे कमी नसतात, आणि परतीच्या कुरिअरचा भुर्दंड आपल्याच माथी बसतो. म्हणून २५ एप्रिलला जाहिराती थांबवल्या तरी हिशेब लगेच केला नाही. शेवटच्या टिचकीवाल्यांच्या ऑर्डरी यायला आणि त्यांची पार्सलं पोचायला वेळ दिला.

मे महिन्यात वही उघडली तेव्हा ‘अ’च्या ८८ ऑर्डरी होत्या, त्यांतल्या ११ परत आल्या, उरल्या ७७. ‘ब’च्या १२४, परत १८, उरल्या १०६. बेरीज १८३, तिचं वर्गमूळ साडेतेरा, दुप्पट २७. फरक २९. रेष ओलांडली, पण जेमतेम.

पैशांत बोलायचं तर पोचलेल्या एका ऑर्डरमागे ‘अ’वर ५४५ रुपये गेले, ‘ब’वर ३९६. सरासरी बाराशेच्या ऑर्डरीत माल, पॅकिंग आणि कुरिअर वजा जाता पाचशे रुपये उरत असतील, तर ‘अ’ची प्रत्येक ऑर्डर पंचेचाळीस रुपये तोट्यात गेली आणि ‘ब’ची शंभराच्या वर नफ्यात. सबंध सहा आठवडे हुक रेटमध्ये ‘अ’ पुढेच होता. दुसऱ्या दिवशीच्या निकालावर चालले असते तर हंगामाचे सगळे पैसे त्याच्यावर गेले असते.

‘ब’ जिंकला हे आता म्हणता येतं. कितीने जिंकला, हे मात्र तेवढ्या ठामपणे सांगता येत नाही. आकडे म्हणतात ३८ टक्क्यांनी, पण एवढ्या ऑर्डरींवरून खरा फरक तीन टक्क्यांपासून पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. पंधरा दिवसांनी दीडपट वाटलेला फरक सहा आठवड्यांनी कमी झाला, यातही नवल नाही. विजेता निवडताना आपण ज्याला नशिबाने थोडा हात दिलेला असतो त्यालाच उचलण्याची शक्यता जास्त असते, म्हणून पुढच्या हंगामात तोच व्हिडिओ थोडा उतरलेला दिसतो. तेव्हा व्हिडिओ शिळा झाला म्हणण्याआधी ही गोष्ट आठवावी.

आणि फरक २९ ऐवजी २० असता तर? तरी पुढे ‘ब’च चालवायचा, कारण दोन्ही व्हिडिओ तयार आहेत आणि ‘ब’ निवडण्यात जास्तीचा खर्च नाही. फक्त वहीत ‘ब जिंकला’ असं लिहायचं नाही. ‘ब पुढे दिसला, खात्री नाही, प्रेक्षकांत बायका जास्त, हंगाम उन्हाळ्याचा’ असं लिहायचं. दिवाळीत चकली-भाजणीची जाहिरात करायला बसल्यावर ‘आपल्याकडे तक्रारीचा हुकच चालतो’ असं कुणी ठासून म्हणालं, तर ते पाठ झालेलं वाक्य आहे की तपासलेली गोष्ट, हे त्या वहीवरून ठरवता येईल.